बाळासोचे बाळासाहेब

आमच्या दैनिकात लेखनाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. ते माणसांच्या डोक्यात होते आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे होते. एकाच दिवशी पहिल्या पानावर 'नृसिंहवाडी', जिल्ह्याच्या पानावर 'नरसोबाची वाडी' आणि कार्यक्रमांच्या रकान्यात नुसतं 'नरसोबावाडी' असं छापून गेलं, तेव्हा एका वाचकानं फोन करून विचारलं, "ही तीन गावं नेमकी कुठं कुठं हायत?" संपादकांनी तो फोन स्वतः घेतला होता. दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"एक पुस्तिका करा. नावं, अंक, इंग्रजीतून येणारे शब्द, सगळं. एकदाच ठरवून टाकू."

मी तेव्हा जिल्हा पानाची प्रमुख होते. उपसंपादक म्हणून वीस वर्षं काढली होती. माझे वडील मराठीचे शिक्षक, घरात ऱ्हस्व-दीर्घावरून जेवण थांबायचं. मला हे काम मिळालं याचा मनातून आनंद झाला. तो इथं लपवत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा होता.

सुरुवात अंकांपासून झाली. वेबसाइटवरची मुलं इंग्रजी अंक टाकायची, छपाईची माणसं मराठी, आणि घाईत दोन्हींची खिचडी व्हायची. एका पावसाळ्यात पंचगंगेची पातळी सांगणाऱ्या चौकटीत एक्केचाळीस फूट लिहायचं होतं. बातमीदारानं फोनवरून इंग्रजी अंक पाठवले, डेस्कवर कुणीतरी त्यातला शेवटचा मराठी केला आणि पहिला तसाच राहिला. छापून आलं '4१'. मराठी एक हा दिसायला इंग्रजी नऊसारखा. सकाळी नदीकाठच्या गावांतून फोन सुरू झाले. लोकांनी ते एकोणपन्नास वाचलं होतं. एकानं जनावरं सोडून रस्त्यावर आणली होती. एक फूट इकडं तिकडं झालं तरी जिथं घरं रिकामी करावी लागतात, तिथं आठ फुटांची चूक म्हणजे काय, हे आम्हाला त्या फोनांवरून कळलं.

म्हणून पहिला नियम ठरला. मजकुरात सगळे अंक मराठी. फक्त फोन नंबर, गाडीचा नंबर आणि वेबसाइटचा पत्ता इंग्रजीत. एका आकड्यात दोन लिप्या कधीही नाहीत. वेबसाइटची मुलं कुरकुरली, पण पुराची चौकट सगळ्यांना आठवत होती.

नियम झाला, पण पाळणार कोण? त्यावर आमच्या पानं लावणाऱ्या ऑपरेटर काकांनी तोड काढली. काका निवृत्तीला आलेले, शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळाचे शेवटचे दिवस पाहिलेले. त्यांनी संगणकात एक बदल-यादी तयार केली. डाव्या बाजूला चुकीचं, उजव्या बाजूला बरोबर. दोन बटणं एकत्र दाबली की पानावरचा सगळा मजकूर त्या यादीतून चाळून निघायचा. फोन नंबर आणि गाड्यांचे नंबर वगळण्याचीही सोय त्यांनी केली होती. पहिल्यांदा ते बटण दाबून सगळं पान एका क्षणात मराठी अंकांत बदललेलं पाहिलं, तेव्हा मी काकांना म्हटलं, "यात शब्दही घालता येतील की."

"येतील ना ताई. तुम्ही यादी द्या."

मी यादी दिली. 'नरसोबावाडी'ची 'नृसिंहवाडी' झाली. गावांची नावं, खात्यांची नावं, इंग्रजीतून आलेले शब्द घातले. मग माणसांच्या नावांकडे वळले.

आमच्याकडे पत्रकं येतात त्यात 'सो' फार. 'आमदारसो', 'सभापतीसो', 'चेअरमनसो'. साहेबचं आखूड रूप. संपादकांना त्याचा तिटकारा होता. "पत्रक कुणाचंही असो, आपण 'सो' छापायचा नाही," ते म्हणाले. मी त्यावर थांबले नाही. 'बाळासो', 'आप्पासो', 'रावसो' हीसुद्धा मला त्याच आजाराची लक्षणं वाटली. नुसतं 'सो' यादीत घातलं असतं तर 'सोमवार'चाही 'साहेबमवार' झाला असता, म्हणून मी एकेक नाव पूर्ण लिहून घातलं. बाळासोच्या समोर बाळासाहेब. आप्पासोच्या समोर अप्पासाहेब. त्याच ओघात आप्पाच्या समोर अप्पा आणि आण्णाच्या समोर अण्णा.

काकांनी यादी वाचली आणि चष्मा वर केला. "ताई, माझ्या मेव्हण्याचं नाव बाळासोच आहे."

"घरात म्हणत असतील."

"न्हाय, दाखल्यावर."

"पण ते साहेबच ना काका, मूळ?"

काकांनी चष्मा परत खाली घेतला. त्यांनी नावं यादीत घातली.

पुस्तिकेत इंग्रजी याद्यांबद्दलही एक कलम होतं, आणि त्याचा मला खरा अभिमान होता. शाळांचे निकाल, दवाखान्यांतल्या जखमींच्या याद्या आमच्याकडे बहुतेक इंग्रजी अक्षरांत येतात. त्यातला 'Kale' हा काळे असू शकतो, काले असू शकतो आणि पन्हाळा तालुक्यातलं कळे गावही असू शकतं. मी लिहिलं होतं, 'इंग्रजी यादीवरून नाव अंदाजाने लिहू नये. संबंधिताला विचारावे.' म्हणजे जिथं मला कळत नव्हतं तिथं विचारा, आणि जिथं मला कळतं असं वाटत होतं तिथं विचारू नका. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुस्तिका छापून सगळ्यांच्या टेबलावर गेल्याला तीनेक आठवडे झाले असतील. मी एका मंगळवारी सकाळी अकराला ऑफिसात आले होते. त्या वेळी वर कुणी नसतं, डेस्क दुपारी भरतं. खालच्या जाहिरात खिडकीवरच्या मुलीनं फोन केला. "मॅडम, दोघी आल्यात. नोटीस चुकलीय म्हणतात. जरा बघता का?"

खाली बाकावर एक बाई आणि बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बसली होती. बाईंच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. दोघी गारगोटीकडून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. मुलगी उठून उभी राहिली आणि तिनं आजचा अंक माझ्यापुढं धरला. छोट्या जाहिरातींच्या पानावर पेनानं गोल केला होता.

मी वाचलं. 'जाहीर निवेदन. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव बाळासाहेब असे असून त्यांच्या सेवापुस्तकात बाळासाहेब असे आहे. बाळासाहेब व बाळासाहेब ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.'

पहिल्या वाचनात मला हसू आलं असतं, पण दुसऱ्याच क्षणी काकांची बदल-यादी आठवली. मी ते पुन्हा वाचलं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, मी नीट लिहून दिलं होतं. हे बघा." तिनं खिडकीवरची पावती आणि तिनं सही केलेला कच्चा कागद काढला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, दाखल्यावर बाळासो, सेवापुस्तकात बाळासाहेब. आमच्या खिडकीवरच्या मुलीनं तसंच टाइप केलं होतं, तिला दाखवलं होतं, तिनं सही केली होती. तिच्या बाजूनं काहीही चुकलं नव्हतं.

बाई बसूनच बोलल्या. "आमचं मालक सरकारी हापिसात शिपाई हुते. दोन वर्सं झाली गेल्याली. त्यांच्या जागंवर हिला घ्यायचं चाललंय. परवा कागद तपासणार हायत. तिथला साहेब म्हणला, दोन नावं कशी? पेपरात द्या, कात्रण आणा." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "आता ह्ये कात्रण न्हिऊन काय सांगायचं?"

"परवा किती वाजता?" मी विचारलं.

"अकरा वाजता," मुलगी म्हणाली. "पुढची तारीख मिळेल का माहीत नाही. माझं वय निघून चाललंय असं नाही, पण प्रतीक्षा यादी आहे. मागचे लोक पुढं जातात."

मी त्यांना वर घेऊन आले, चहा सांगितला आणि काकांना घरी फोन लावला.

"काका, काल छोट्या जाहिरातींच्या पानावर बटण दाबलं होतं का?"

"दाबलं होतं ताई. जाहिरातींत अंक सगळे मिसळलेले होते. म्हटलं एकदम सरळ करावेत."

नावं यादीत मी घालायला लावली होती. त्यांनी मला सांगितलंही होतं.

दोघी माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. मला त्यांना कसं सांगावं ते सुचेना. छपाईची चूक झाली म्हटलं असतं तर चाललं असतं, लोक ते ऐकून घेतात. पण मुलगी कागदाकडे आणि छापील निवेदनाकडे आळीपाळीनं बघत होती आणि तिला ते जुळत नव्हतं. टाइप करताना अक्षर सुटतं, एक 'सो' जाऊन पूर्ण 'साहेब' कसा येईल?

म्हणून मी खरं ते सांगितलं. आम्ही नियम केला की 'सो' छापायचा नाही. संगणकाला तसं शिकवलं. त्यानं तुमच्या वडिलांचं नाव दुरुस्त केलं.

"दुरुस्त?" मुलगी म्हणाली.

बाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. "त्यांचं नाव चुकीचं न्हवतं, बाई. त्यांच्या आईनं ठेवल्यालं. बाळासोच. मोठ्या हापिसात गेल्यावर तिथल्या क्लार्कानं साहेब केलं. त्यांनी सांगितलं व्हतं की, माझं नाव असं न्हाय म्हणून. क्लार्क म्हणला, चालतंय, चांगलंच हाय की. ते एक चालतंय म्हणल्यालं आम्ही दोन वर्सं निस्तरतोय."

त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या क्लार्कानं जे केलं तेच मी केलं होतं, आणि त्याच समजुतीनं, की आपण नाव सुधारतोय.

संपादक साडेबाराला आले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी कात्रण वाचलं, मान खाली घातली.

"उद्याच्या अंकात दुरुस्त निवेदन टाका. आपल्याकडून."

"सर, नुसतं निवेदन पुरणार नाही. परवा तो अधिकारी विचारेल, लागोपाठ दोन दिवस दोन नोटिसा कशा? आपलं पत्र लागेल. कालची चूक आमच्या कार्यालयाची, निवेदन देणाऱ्याची नाही, असं लेटरहेडवर."

संपादक थांबले. वर्तमानपत्र स्वतःची चूक लेटरहेडवर लिहून सही करून देतं, हे आमच्याकडे फार होत नाही. ते म्हणाले, "मसुदा करा, बघतो."

मी मसुदा केला. त्यात 'संगणकीय बदलामुळे' असं लिहिलं होतं. त्यांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'आमच्या संपादकीय नियमामुळे'. मग सही केली. त्यांच्याबद्दल मला अनेक तक्रारी होत्या, पण त्या दिवसानंतर त्यातल्या काही मी बोलून दाखवल्या नाहीत.

छोट्या जाहिरातींचं पान संध्याकाळी सहाला छपाईला सुटतं. दोघींना मी पाचच्या एसटीला पाठवलं. उद्याचा अंक आणि पत्र मुलगी सकाळी येऊन नेणार होती. काका नेहमीपेक्षा तासभर आधी आले. आम्ही दोघांनी मिळून यादीतली माणसांची सगळी नावं काढली. काका एकेक ओळ पुसत होते आणि मी मागं उभी राहून मोजत होते. तरीही मला भरवसा वाटेना. दुसऱ्या संगणकावर जुनी यादी राहिली असेल तर? कुणी सवयीनं ती बटणं दाबली तर? निवेदनाचा मजकूर पानात बसल्यावर मी तो पडद्यावर वाचला, मग कागदावर छापून वाचला, मग काकांना मोठ्यानं वाचायला लावला. 'बाळासो' म्हणताना काका प्रत्येक वेळी थोडं थांबायचे. सहाला पान गेलं. मी घरी गेले, पण जेवण नीट झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडून अंक घेतला आणि तिथंच उभ्यानं उघडला. बरोबर होतं. सेवापुस्तकात बाळासाहेब, दाखल्यावर बाळासो. मुलगी दहाला आली, पाच अंक आणि पत्र घेऊन गेली. जाताना तिनं माझा फोन नंबर विचारून घेतला. तिनं तो वहीत इंग्रजी अंकांत लिहिला.

त्या दिवसापासून मला आणखी एका गोष्टीनं पछाडलं. तीन आठवडे ते बटण चालू होतं. मग आणखी किती? मी ग्रंथालयात बसून मागचे अंक काढले. बातम्यांत फारसं काही नव्हतं. बातमीत आप्पासोचे अप्पासाहेब झाले तर त्या माणसाला बहुधा बरंच वाटलं असेल. पण निधनवार्तांचा रकाना काढला आणि मी थांबले. तिथं अप्पा होते, अण्णा होते. मूळ चिठ्ठ्या जाहिरात विभागात बांधून ठेवलेल्या असतात. त्या सोडून एकेक जुळवत गेले. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'आप्पा' होते.

मी फोन करायला लागले. काही घरांना फरक पडला नव्हता. एक-दोघांना मी काय सांगतेय तेच कळलं नाही. कागलजवळच्या एका गावातल्या माणसानं मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या आप्पांचं नाव पहिल्यांदा पेपरात आलं. आणि तेबी दुसऱ्याच माणसाचं असल्यागत दिसलं. आम्हाला वाटलं, पेपरात असंच लिहीत असतील." मी पुन्हा छापण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आता नको. दिवस झाले. पण फोन केला, बरं केलं."

त्या मुलीचे कागद तपासणार होते त्या गुरुवारी अकरा वाजता मी टेबलावर फोन ठेवून बसले. बारा झाले, एक झाला. मी स्वतः लावायला धजत नव्हते. ती आत साहेबासमोर बसली असेल आणि माझ्या फोननं काही बिघडेल, असं उगाच वाटत होतं. दोन वाजता तिचा फोन आला.

"मॅडम, त्यांनी आधी दोन कात्रणं बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, हे काय नवीन? मग पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, पेपरवाल्यांनी असं कधी लिहून दिलेलं मी बघितलं नाही."

"आणि?"

"घेतलं. फाइलला लावलं. एक शेरा मारला. काय मारला ते दिसलं नाही."

तो न दिसलेला शेरा पुढं दोन महिने माझ्या डोक्यात राहिला. मग तिला आदेश मिळाला. ती नोकरीला लागली, भुदरगड तालुक्यातच, घराजवळ. पेढे घेऊन आई एकटीच आली. मी पेढा घेतला पण मला तो नीट खाता येईना. बाई म्हणाल्या, "खावा की. तुमच्यामुळं झालं असं आम्ही म्हणत न्हाय. पण तुम्ही पाठ दाखीवली न्हाय." त्यापेक्षा जास्त मला कुणी काही देऊ शकलं असतं, असं वाटत नाही.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढताना डेस्कवर मोठा वाद झाला. एक सहकारी म्हणाला, "मग नियम कशाला? उद्या कुणी 'सचीन' लिहून देईल, तेही छापायचं?"

"त्याचं नाव असेल तर छापायचं," मी म्हटलं.

"आणि वाचक म्हणतील, आम्हाला शुद्ध लिहिता येत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आजही तसे फोन येतात आणि मला त्यांना पटेल असं उत्तर देता येत नाही. संपादकांनी शेवटी ठरवलं. गावाचं, खात्याचं, शब्दाचं लेखन आमच्या नियमानं. जिवंत किंवा मेलेल्या माणसाचं नाव त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी लिहून दिलंय तसं. जाहिरात आणि निवेदन यांना बदल-यादी लागू नाही. लिहून दिलेलं नसेल तर विचारायचं, आणि विचारायला वेळ नसेल तर नाव पुढच्या दिवसावर ढकलायचं. 'सो' पत्रकातल्या पदाला लावलेला असेल तर काढायचा, माणसाच्या नावातला असेल तर ठेवायचा. हे वाचायला सोपं आहे. रोज पाळताना दोन्हींत फरक करायला कुणालातरी थांबावं लागतं.

काका पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, या यादीत नावं का नाहीत? मी घालू का?"

मी त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. निकालाची इंग्रजी यादी समोर होती, त्यात पाच 'Kale' आणि तीन 'Mane'. मी त्याच्याकडे फोन सरकवला आणि शाळेचा नंबर दाखवला.

"आधी मुख्याध्यापकांना लाव," मी म्हटलं. "एकेक नाव त्यांच्या तोंडून ऐक. आणि ते बोलतील तसंच लिही."